वीरगळ कशी वाचावी: तळापासून कलशापर्यंत

गावाच्या वेशीवर, महादेवाच्या देवळाच्या आवारात किंवा एखाद्या पाराखाली कोरीव चौकटींचा उभा दगड दिसतो. कोणी त्याला भैरव म्हणून शेंदूर लावलेला असतो, कोणी पांडवांशी जोडलेला असतो. बहुतेक वेळा ती वीरगळ असते, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचे स्मारक. शब्द कन्नडमधून आला आहे: वीर आणि कल्, म्हणजे दगड. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळींवर अक्षर नसते. माणूस कोण होता आणि कशासाठी मेला, हे चित्रांवरूनच काढावे लागते.

वाचायला लागण्याआधी एक गोष्ट पक्की धरावी. वीरगळ खालून वर वाचायची असते. सर्वांत खालच्या चौकटीत मृत्यू, तिच्या वर लढाई किंवा स्वर्गाकडचा प्रवास, त्याच्या वर देवाची पूजा आणि टोकाला कलश, असा हा क्रम असतो. चौकटी तीन किंवा चार असतात, क्वचित कमीजास्त. वरच्या चौकटी ठरलेल्या साच्याच्या असतात आणि शेकडो दगडांवर जवळपास सारख्याच दिसतात. त्या विशिष्ट माणसाबद्दलची माहिती मुख्यतः खालच्या एकदोन चौकटींत असते. म्हणून निम्म्याहून जास्त वेळ तिथेच द्यावा.

आधी प्रकाश, मग अर्थ

झिजलेला दगड समोरून उजेड पडला की सपाट दिसतो. पूर्वेकडे तोंड असलेली वीरगळ सकाळी लवकर पाहिली तर कोरीवकाम हरवते. तीच दहा-अकराच्या सुमारास, ऊन तिच्यावरून सरकायच्या बेतात असताना, स्पष्ट होते. पश्चिमेकडे तोंड असेल तर दुपारी, ऊन नुकतेच चढायला लागते तेव्हा पाहावी. दगड सावलीत असेल तर विजेरी घ्यावी आणि तिचा झोत दगडाला जवळजवळ घासून जाईल असा, बाजूने टाकावा. झोत डावीकडून, उजवीकडून आणि वरून असा तिन्हींकडून टाकून पाहावा, कारण प्रकाशाच्या दिशेने जाणारी रेघ दिसत नाही आणि तिला छेदणारी उठून दिसते. भाला किंवा धनुष्य सुटते ते बहुधा याच कारणाने.

रेघा खडूने गिरवू नयेत. खडू दगडाच्या छिद्रांत बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे गिरवणाऱ्याचा अंदाज दगडावर कायम राहतो. पुढच्याला मग दगड दिसत नाही, अंदाज दिसतो. तेल, पाणी, तारेचा ब्रश यांनाही हात लावू नये. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकली तरी पुरे. शेंदराचा थर असेल तर तो खरवडू नये. तो दगड गावाचा देव आहे, आणि थराबरोबर कोरीवकामाची कडही निघून येते. प्रत्येक चौकटीचा समोरून, शेजारी मोजपट्टी ठेवून एकेक फोटो घ्यावा आणि तिरप्या उजेडातला आणखी एक.

तळाची चौकट

इथेच सर्वांत मोठी अडचण येते. ही चौकट अनेकदा जमिनीत गेलेली असते. दगड उभा राहण्यासाठी त्याचा पाया पुरलेलाच असतो. त्यावर शतकानुशतके माती चढते, आणि पुढे कोणी चौथरा बांधतो तेव्हा उरलेला भाग सिमेंटमध्ये जातो. म्हणून आधी पाहावे की सर्वांत खाली दिसणारी चौकट पूर्ण आहे का. तिची खालची पट्टी दिसत असेल तर पूर्ण. माणसे गुडघ्यापर्यंतच दिसत असतील किंवा प्राण्यांची नुसती शिंगे दिसत असतील तर अजून काही खाली आहे. ते उकरायला जाऊ नये. नोंदीत ‘तळ दिसत नाही’ एवढे लिहावे आणि त्यानुसार निष्कर्ष मर्यादित ठेवावा.

तळ दिसत असेल तर तीन गोष्टी शोधाव्यात.

पहिली, आडवा पडलेला माणूस. तोच वीर. वरच्या चौकटींत तो पुन्हा येतो, बहुधा इतरांपेक्षा थोडा मोठा कोरलेला. त्याची केशरचना किंवा अंबाडा एकदा ओळखला की वर तो सहज सापडतो.

दुसरी, जनावरे. गायींची रांग किंवा एकापुढे एक डोकी असतील तर हा माणूस गोधन राखताना मेला. शत्रूने गुरे वळवून नेली आणि त्याने त्यांना अडवले, अशी ही घटना. महाराष्ट्रात हा प्रकार फार आढळतो, कारण गुरे हीच गावाची चालती संपत्ती होती. इथे घोटाळा होतो तो घोड्यांशी. झिजलेल्या दगडावर गाय आणि घोडा दोन्ही चार पायांची आकृतीच उरतात. शिंगे, जाड मान आणि वशिंड पाहावे. पाठीवर स्वार किंवा लगामाची रेघ असेल तर घोडा. वाघ किंवा रानडुकराशी एकट्याने भिडलेला माणूस असेल तर तो शिकारीत किंवा गावाला त्या जनावरापासून वाचवताना गेला.

तिसरी, समोरचा शत्रू. वीर पायी आणि विरोधक घोड्यावर असतील, तर गावावर चालून आलेली टोळी असण्याची शक्यता जास्त. वीरच घोड्यावर असेल आणि डोक्यावर छत्र धरलेले असेल तर तो मोठ्या पदाचा. दोन्ही बाजूंना हत्ती आणि पायदळाच्या रांगा असतील तर ती सैन्यांची लढाई. पण शत्रूच्या पोशाखावरून अमुकच राजाचे सैन्य असे ठरवू नये. कारागीर साच्यातली माणसे कोरत, गणवेश नव्हे.

वरच्या चौकटींना विचारायचे तीन प्रश्न

वरच्या चौकटी साच्याच्या असल्या तरी त्यांतून तीन गोष्टी कळतात.

वीर कोणत्या पंथाचा? सर्वांत वरच्या चौकटीत तो हात जोडून बसलेला असतो, समोर देव आणि पलीकडे पुजारी. देव बहुधा शिवलिंग असतो, कधी शेजारी नंदीही. ही चौकट म्हणजे कैलासातले स्थान. लिंगाऐवजी ध्यानस्थ तीर्थंकर असेल तर वीर जैन. फक्त हीच चौकट पाहिलेल्या माणसाला वीरगळ शिवमंदिराचा तुटका भाग वाटते, आणि वीराचीच ओळख पुसली जाते.

शेजारच्या बायका कोण? मधल्या चौकटीत वीराच्या दोन्ही बाजूंना एकेक स्त्री असते, कधी त्याचे हात त्यांच्या खांद्यांवर, कधी त्यांच्या हातात चवरी किंवा माळ. या त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्यांना वीराच्या पत्नी समजणे ही नेहमीची चूक आहे. दोन्हीकडे सारख्या आकृती असल्या तर अप्सराच धराव्यात.

पत्नी सती गेली का? त्याची खूण वेगळी आहे: कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला, पंजा उघडा ठेवून उभारलेला हात. हा हात वीरगळीवरच एखाद्या कोपऱ्यात असतो किंवा शेजारी वेगळ्या सतीशिळेवर. बांगड्या मुद्दाम कोरतात, कारण ती सौभाग्यवती म्हणूनच गेली असे सांगायचे असते. म्हणून वीरगळ पाहिल्यावर आजूबाजूचे सगळे दगड फिरून पाहावेत.

टोकावरचे सूर्य-चंद्र आणि कलश यांतून व्यक्तीबद्दल काही कळत नाही. सूर्यचंद्र असेपर्यंत स्मृती राहो, एवढाच त्यांचा अर्थ. मात्र त्यांच्यावरून दगड उलटा किंवा आडवा बसवला आहे का, हे लगेच कळते. देवळाच्या पायरीत किंवा तटाच्या भिंतीत वीरगळी अशा आडव्या बसवलेल्या सापडतात.

एक दगड वाचून पाहू

समजा, जमिनीच्या वर चार फूट दगड आहे. टोकाला कलश, दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र. वरच्या चौकटीत मधे लिंग, डावीकडे हात जोडलेला माणूस, उजवीकडे पुजारी. तिच्या खाली तोच माणूस दोन स्त्रियांच्या मधे. त्याखाली तो पायी, हातात धनुष्य, समोर दोन स्वार. सर्वांत खाली मातीच्या वर डोकावणारी शिंगांची रांग.

खालून वर वाचायचे. शिंगे आहेत, स्वार नाहीत, म्हणून ही गुरे. पडलेला माणूस मातीखाली असावा. दिसत नाही, म्हणून तो धरायचा नाही. पायी धनुर्धर घोडेस्वारांना तोंड देतो आहे. दोन्ही चौकटी एकत्र घेतल्या तर गुरे नेणाऱ्या स्वारांशी लढताना मेलेला पायदळी माणूस. छत्र नाही, वाहन नाही, म्हणजे तो राजा किंवा सरदार असल्याची खूण नाही. लिंगामुळे शैव. स्त्रिया सारख्या, म्हणून अप्सरा. बांगड्यांचा हात या दगडावर नाही, पण वीस पावलांवर तसा दगड सापडला तर दोघांचा संबंध ‘संभवतो’ असे लिहावे, ‘आहे’ असे नव्हे. नाव आणि साल या दगडातून निघत नाही. नोंद इथे थांबते.

अक्षरे आणि बाहेरचा पुरावा

नाव मिळालेच तर ते बहुधा दोन चौकटींच्या मधल्या पट्टीवर मिळते. तिथे उजेड वरून आणि खालून टाकून पाहावा. लेखात शक वर्ष असेल तर त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो. शक 1187 म्हणजे साधारण इ.स. 1265. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली तिथी असेल तर 79. अक्षरे वाचता आली नाहीत तर अंदाजाने शब्द जुळवू नयेत, स्वच्छ फोटो लिपी जाणणाऱ्याकडे द्यावा.

लेख नसताना दगड इतिहासातल्या घटनेशी जोडायचा असेल तर पुरावा बाहेरून यावा लागतो. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर इथल्या वीरगळी याचे चांगले उदाहरण आहेत. त्यांपैकी काहींवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरली आहे. ती उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्या 1265 च्या सुमाराच्या संघर्षाशी जोडली जाते, कारण सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख हेमाद्रीच्या ग्रंथातील यादवांच्या प्रशस्तीत आहे. दगड स्वतः सांगतो ते एवढेच: ही समुद्रावरची लढाई होती आणि तिच्यात वीर मेले. राजांची नावे त्या ग्रंथातून आली आहेत, आणि या जोडणीबद्दल अभ्यासकांचे मतभेद आहेत. स्वतःच्या नोंदीतही हे दोन भाग वेगळे ठेवावेत: वर दगडावर काय दिसते ते, आणि खाली, रेघ ओढून, ते कशाशी जुळते असे वाटते ते.