पावसात तीनचाकीनं माल नेणाऱ्यांनी आधी मागच्या चाकाची हवा बघा

जुलैचा जोर सुरू झालाय, सांगली भागातल्या रस्त्यांचे खड्डे आता पाण्याखाली गेलेत आणि खड्डा दिसत नाही म्हणजे चाक त्यात सरळ आदळणार. टोमॅटो, वांगी, दोडका पायडलच्या तीनचाकीवर घालून मार्केटला नेणारे दरवर्षी याच दिवसांत माल रस्त्यावर सांडतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतंय, मागच्या दोन चाकांत हवा कमी. फवारणी चुकली म्हणून जेवढं नुकसान बघितलंय त्यापेक्षा सौद्याची वेळ चुकल्यानं झालेलं जास्त बघितलंय.

गेल्या पावसाळ्यात भावकीतल्या एका पोरानं दिग्रजकडून १२ क्रेट टोमॅटो घातले. क्रेट २५ किलोचा धरा, म्हणजे माल ३००, गाडी ९०, तो स्वतः ६०, झाले ४५०. यातलं पाऊण वजन मागं येतं, म्हणजे एका मागच्या चाकावर साधारण १७० किलो. आता हवा ६० पौंड असेल तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण ४० चौरस सेंटिमीटर राहतो, ३० पौंड असेल तर तेच वजन पेलायला त्याच्या दुप्पट भाग टेकवावा लागतो. दीड इंची टायरला तेवढा भाग कुठून मिळणार, तो चपटा होऊन बसतो आणि रिंग जवळजवळ जमिनीला लागते. मग पाण्यातला खड्डा आला की टायर धक्का खात नाही, रिंगचा काठ खातो. त्याचं तेच झालं, काठ आत दबला, ट्यूब फुटली, गाडी कलंडली, वरचे क्रेट चिखलात, आणि उरलेला माल पोचेपर्यंत सौदा उठला होता.

पंक्चरवाल्यानं ट्यूब काढली की भोक स्वतः बघा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर ती काट्याची नाही, टायर आणि रिंगच्या मध्ये ट्यूब चिमटली म्हणून पडलेली आहे, म्हणजे हवा कमी होती. बाभळीच्या काट्याचं भोक एकच असतं आणि बाहेरच्या बाजूला. दुसरी खूण वॉलची, तो रिंगमधून सरळ न निघता तिरका झालाय का बघा, झाला असेल तर टायर कमी हवेमुळं रिंगवर सरकतोय, थोड्या दिवसांत वॉल बुडातून फाटणार.

हवा किती भरायची? टायरच्या बगलेवर आकडा छापलेला असतो, तोच शेवटचा, त्याच्या वर जाऊ नका. माल घालायचा असेल तर मागची दोन्ही चाकं त्या आकड्याच्या जवळ ठेवा, पुढचं थोडं कमी चालतं. दोन्ही मागच्या चाकांत सारखीच हवा पाहिजे, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. अंगठ्यानं दाबून कळत नाही, ३५ पण कडक लागतं आणि ६० पण. जुन्या रबरी वॉल ट्यूबवर साधा गेज आकडा दाखवत नाही म्हणून गेज असलेल्या उभ्या पंपानंच भरा. माझा आपला ठोकताळा असा, माल घातल्यावर मागं उकिडवं बसून बघायचं, टायरचं पोट रिंगच्या बाहेर ठळक फुगलेलं दिसलं तर क्रेट उतरवून परत हवा मारायची. पेट्रोल पंपाच्या कॉम्प्रेसरला सायकलची ट्यूब लावू नका, दोन सेकंदात टायर रिंगवरून उडतो. आणि उन्हात फुटेल म्हणून हवा सोडणारे पण आहेत, अहो २० डिग्रीनं तापमान चढलं तरी ६० चे ६५ होतात, तेवढ्यासाठी निम्मी हवा कशाला सोडताय.

आता रिंग वाकडी होण्याचा दुसरा प्रकार. दोनचाकी सायकल वळणावर कलते, तीनचाकी कलत नाही, त्यामुळं वळताना सगळं वजन चाकाला आडवं ढकलतं. तारा ढिल्या असल्या की रिंगला आऊट येतो. चाक उचलून फिरवा, रिंगच्या शेजारी काडी धरा, डावं उजवं हलत असेल तर तारा आवळून आऊट निघतो. काठच दबलेला असेल तर तारा आवळून काही होत नाही, रिंग बदलायची. माल एका बाजूला चढवू नका आणि भरल्या गाडीनं वळण हळू घ्या.

बाकीचं नेहमीचं:
साखळीला तेल
बेअरिंगला ग्रीस
ब्रेकचे रबर
रिंगच्या आतली पट्टी, तारांची टोकं वर आली का

दुकानदार जाड टायर, ट्यूबमध्ये घालायचं औषध, भरीव टायर असलं गळ्यात मारतोय. औषध काट्याच्या बारीक भोकाला चालतंय, चिमटलेल्या चिरेला नाही. भरीव टायरनं पंक्चर जाईल पण धक्का सरळ रिंगला आणि तारांना बसेल. जाड टायर घ्यायचाच असेल तर घ्या, पण त्यात ३० पौंड हवा ठेवली तर तोही चपटाच होणार. पाऊस असेपर्यंत १२ क्रेटच्या जागी ८ घाला आणि दोन खेपा करा, पहाटे निघालात तर सौदा सापडतोय.