(x + sin x)/x आणि लोपितालचा नियम: पहिल्या वर्षातील एका चुकलेल्या उत्तराविषयी

साताऱ्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या अंतर्गत चाचणीत एक छोटा प्रश्न आला होता: x अनंताकडे जात असताना (x + sin x)/x या गुणोत्तराची सीमा काढा. मी चार ओळींत उत्तर लिहिले. अंश आणि छेद दोन्ही अनंताकडे जातात, म्हणून लोपितालचा नियम वापरू. अंशाचा विकलज 1 + cos x आणि छेदाचा विकलज 1. Cos x कधीच एका किमतीवर स्थिरावत नाही. म्हणून सीमा अस्तित्वात नाही. पेपर परत मिळाला तेव्हा पहिल्या तीन ओळींवर बरोबरची खूण होती आणि चौथ्या ओळीतल्या ‘म्हणून’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून सरांनी शेजारी एकच शब्द लिहिला होता: ‘कशावरून?’

आता सांगलीत पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच भाग शिकवताना दरवर्षी काही वह्यांत तेच चार टप्पे त्याच क्रमाने दिसतात. म्हणून त्या ‘म्हणून’मध्ये नेमके काय बिघडले होते ते नव्याने येणाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे. वर्गात या नियमाला सर्रास ‘एल हॉस्पिटलचा नियम’ म्हणतात. मूळ फ्रेंच उच्चाराला जवळचे म्हणून मी लोपिताल लिहितो. विकलज म्हणजे तुमचा रोजचा डेरिव्हेटिव्ह.

उत्तर आधी स्वतंत्रपणे काढून ठेवू. sin x ची किंमत -1 आणि 1 यांच्या बाहेर जात नाही, त्यामुळे अंश नेहमी x - 1 आणि x + 1 यांच्यामध्ये असतो. x धन असताना सगळीकडे x ने भागले की

```
1 - 1/x  ≤  (x + sin x)/x  ≤  1 + 1/x
```

असे मिळते. दोन्ही टोके 1 कडे जातात, म्हणून सँडविच प्रमेयाने मधले गुणोत्तरही 1 कडे जाते. सीमा आहे, आणि ती 1 आहे; यात विकलजाचा कुठेही संबंध आलेला नाही.

पेपर घेऊन मी सरांकडे गेलो तेव्हा त्यांनी हे उत्तर सांगितले नाही. ते म्हणाले, “नियम काय आहे ते शब्द न गाळता म्हणून दाखव.” मी म्हटले, “सर, f/g ची सीमा ही f'/g' च्या सीमेइतकी असते.” त्यावर ते म्हणाले, “हा नियमाचा अर्धा भाग झाला. ‘जर’पासून सुरुवात कर.” ‘जर’पासून सुरुवात केल्यावर नियम असा होतो: जर पुरेशा मोठ्या x साठी f आणि g विकलनक्षम असतील, g' कुठेही शून्य होत नसेल, दोन्ही फले शून्याकडे जात असतील किंवा g चे केवलमूल्य अनंताकडे जात असेल, आणि जर f'/g' ला सीमा असेल, तर f/g लाही तीच सीमा असते. शेवटचा ‘जर’ ही एक अट आहे. आमच्या उदाहरणात आधीच्या सगळ्या अटी पूर्ण होतात, कारण g' तर सरळ 1 आहे. फक्त ही शेवटची अट मोडते. अट मोडल्यावर नियम काहीच बोलत नाही. सीमा आहे असेही म्हणत नाही आणि नाही असेही म्हणत नाही. मी मात्र त्याच्या न बोलण्यालाच नकार समजलो होतो.

ही तर्कातली चूक मला तिथेच पटली, तरी मनात एक शंका उरली. विकलजांचे गुणोत्तर 0 आणि 2 यांच्यामध्ये कायम हेलकावे खात असताना मूळ गुणोत्तर शांतपणे 1 वर कसे येऊन बसते? मी कॅल्क्युलेटरवर किमती काढून पाहिल्या. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे ना, हे आधी तपासा, कारण sin चा विकलज cos असतो हे रेडियनमध्येच खरे आहे. x = 10, 100 आणि 1000 घेतल्यावर मूळ गुणोत्तर अनुक्रमे 0.9456, 0.9949 आणि 1.0008 येते, तर त्याच ठिकाणी 1 + cos x ची किंमत 0.161, 1.862 आणि 1.562 येते. पहिली रांग 1 च्या जवळ सरकते आहे आणि दुसरीला कसलीच दिशा नाही.

याचे उत्तर मला दर शनिवारच्या साताऱ्याहून सांगलीच्या एस.टी. प्रवासात सापडले. समजा x हा निघाल्यापासूनचा वेळ आहे आणि x + sin x हे तोवर कापलेले अंतर आहे. मग अंतर भागिले वेळ, म्हणजे (x + sin x)/x, हा सरासरी वेग झाला. आणि 1 + cos x हा त्या क्षणीचा वेग, म्हणजे चालकासमोरचा काटा जो दाखवतो तो. गाडी उंब्रजला थांबते, कराडला थांबते, पेठ नाक्याला वळते, आष्ट्याला पुन्हा थांबते. प्रत्येक थांब्यावर काटा शून्यावर येतो आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा वर चढतो. अशी गाडी कायम चालत राहिली, तर काटा कधीच स्थिर होणार नाही. पण एक थांबा आणि त्यापुढची धाव मिळून जो ठरावीक हिशेब होतो तोच पुन्हापुन्हा होत राहिला, तर सरासरी वेग एका किमतीजवळ जाऊन ठरतो. x + sin x मध्ये हे अगदी नेमके घडते: 2π एवढ्या प्रत्येक वेळेत गाडी बरोबर 2π एवढेच अंतर कापते आणि मधल्या काळातही ती समान वेगाच्या गाडीच्या फार तर 1 एकक पुढे किंवा मागे असते. ते 1 एकक x ने भागले जाते आणि नाहीसे होते. काट्याचा हेलकावा मात्र कशानेच भागला जात नाही. उलट दिशेने पाहिले तर नियमही सोपा वाटतो, कारण काटाच एका किमतीवर स्थिरावला तर सरासरीला त्या किमतीकडे जाण्यावाचून गत्यंतर नसते.

पुढे विश्लेषणाच्या तासाला नियमाची सिद्धता शिकलो तेव्हा हीच गोष्ट कोशीच्या मध्यमूल्य प्रमेयात दिसली. त्या प्रमेयानुसार a आणि x यांच्यामध्ये असा एक बिंदू c असतो की f आणि g यांच्या a पासून x पर्यंतच्या वाढींचे गुणोत्तर हे f'(c)/g'(c) एवढे असते. आपल्या फलांसाठी a = 0 घेतले की (x + sin x)/x = 1 + cos c, म्हणजेच cos c = sin x / x. x = 100 ठेवा: sin 100 ची किंमत सुमारे -0.506 आहे, म्हणून cos c = -0.00506, आणि असा एक c म्हणजे 1.5759, π/2 च्या किंचित पुढे. x जसजसा वाढतो तसतसा cos c शून्याच्या जवळ जातो. म्हणजे प्रमेय आपल्याला जे c देते ते सगळे π/2 च्या विषम पटींजवळचे असतात, जिथे विकलजांचे गुणोत्तर जवळपास 1 असते. ज्या बिंदूंवर ते 0 किंवा 2 होते, त्या बिंदूंपाशी c कधी फिरकतच नाही. सिद्धतेत a स्वतःही मोठा घ्यावा लागतो, म्हणजे c देखील दूर जातो; a = 200π घेतला तर cos c = sin x/(x - 200π) होते आणि निष्कर्ष तोच राहतो. f'/g' ला सगळ्या बिंदूंवर मिळून सीमा असेल तर या निवडक c वरही तीच मिळते, म्हणून नियम खरा ठरतो. पण f/g ला सीमा असणे ही माहिती फक्त निवडक c विषयीची आहे, आणि त्यावरून बाकीच्या बिंदूंबद्दल काही सांगता येत नाही.

इथे एक टोक सोडून दुसरे पकडू नका. काही विद्यार्थी हे समजल्यावर ‘विकलजांच्या गुणोत्तराला सीमा नसली तरी मूळ सीमा असतेच’ असे लिहू लागतात, आणि तेही तितकेच चूक आहे. (2x + x sin x)/x घ्या. अंश नेहमी x पेक्षा मोठा किंवा त्याच्याएवढा असतो, म्हणून तो अनंताकडे जातो आणि रूप तेच राहते. विकलजांचे गुणोत्तर 2 + sin x + x cos x येते आणि त्याला सीमा नाही. पण मूळ गुणोत्तर म्हणजे 2 + sin x, जे 1 आणि 3 यांच्यामध्ये कायम डोलते. इथे सीमा खरोखरच नाही. दोन्ही उदाहरणांत नियमाकडून येणारे लक्षण एकच आणि उत्तरे परस्परविरुद्ध. या लक्षणानंतर दुसरी पद्धत वापरण्याला पर्याय नाही. आणि अंशात sin किंवा cos सारखा मर्यादित पल्ल्याचा भाग दिसला की आधी छेदाच्या सर्वांत मोठ्या पदाने भागून पाहावे.

तरीही हेलकावणारे गुणोत्तर पूर्ण वाया जात नाही. छेद अनंताकडे वाढत असेल आणि g' धन असेल, तर f'/g' शेवटी ज्या दोन किमतींमध्ये हेलकावे खाते, त्यांच्या बाहेर f/g दीर्घकाळ राहू शकत नाही. आमच्या प्रश्नात म्हणून एवढे मिळते की सीमा असलीच तर ती 0 आणि 2 यांच्यामध्ये असेल. हे लिहिले असते तर माझे विधान अपुरे ठरले असते, खोटे नाही.

वह्यांत आढळणाऱ्या आणखी दोन गोष्टी. (1 + cos x)/1 वर अडल्यावर काही जण पुन्हा विकलन करतात आणि -sin x / 0 वर पोहोचतात; हे गुणोत्तर मुळात अनिर्धारित रूपच नसल्यामुळे नियम दुसऱ्यांदा लावायचा अधिकार आधीच संपलेला असतो. दुसरे, ‘सीमा नाही’ या शब्दांत अनंत सीमेची गल्लत करू नका: e^x / x मध्ये विकलजांचे गुणोत्तर e^x अनंताकडे जाते, तिथे नियम चालतो आणि मूळ गुणोत्तरही अनंताकडेच जाते. मोडते ती फक्त हेलकाव्याची स्थिती.

हल्ली मी तोच प्रश्न उलटा करून देतो: x/(x + sin x). सीमा अर्थातच 1 आहे. पण आता छेदाचा विकलज 1 + cos x आहे आणि तो π, 3π, 5π अशा प्रत्येक ठिकाणी शून्य होतो, म्हणून f'/g' ला सीमा आहे की नाही हा प्रश्न येण्यापूर्वीच g' शून्य नसण्याची अट मोडते. कोणती अट कुठे मोडली हे मी उत्तरात लिहायला सांगतो, आणि वर्तुळ काढायची वेळ आलीच तर तेही त्या ‘म्हणून’भोवतीच काढतो.