भातशेतात रेडॉक्स मोजताना आणि शेतातलं पाणी बाहेर सोडताना या चुका टाळा

सत्तरी-डिचोलीत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कुणग्यांत वायंगणाचं भात लावणीनंतर काही आठवड्यांतच तांबूस पडू लागतं. खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके येतात, उपटलेल्या मुळांवर गंजासारखा थर दिसतो. हा चिखलात विरघळलेल्या लोहाचा त्रास. पाण्यावर तवंगही असतो. काडीने मोडल्यावर त्याचे तुकडे वेगळेच राहिले तर तो लोहाचा, तेल पुन्हा जुळून येतं. चिखलात प्राणवायूची किती टंचाई आहे हे मिलिव्होल्टमध्ये दाखवणारा रेडॉक्स मीटर इथे खरंच कामी येतो. आकडा जितका खाली, तितकी टंचाई जास्त. पण आकडा चुकीचा वाचला तर पाणीही चुकीच्या वेळी सुटतं.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे पडद्यावरचा आकडा तसाच धरणं. सिल्व्हर क्लोराईडच्या संदर्भ इलेक्ट्रोडवर आलेल्या आकड्यात साधारण २०० मिलिव्होल्ट मिळवायचे असतात. समजा पडद्यावर −२८० दिसलं. चिखलात मिथेन वायू तयार होऊ लागला असं वाटेल, पण खरा आकडा −८० आहे. मिथेन साधारण −१५० च्या खाली तयार होऊ लागतो. लोह मात्र त्याच्या बरंच आधी, +१०० च्या आसपासच विरघळू लागतं आणि आम्लीय जांभ्या मातीत तर याहूनही वरच्या आकड्याला. म्हणजे −८० ला मिथेनची घाई नाही, लोहाची आहे. मिथेनची वाट पाहत बसलात तर मुळं आधीच काळवंडतील.

प्लॅटिनमचं टोक वरच्या पाण्यात बुडवून मोजू नका. तिथे प्राणवायू असतो, आकडा चांगलाच येणार. ते चिखलात १० सेंमी खोल रोवून ठेवा, आकडा स्थिर होऊ द्या आणि एका कुणग्यात किमान तीन जागी मोजा, त्यातली एक डोंगराकडच्या मेरेजवळ.

शेतातलं पाणी बाहेर सोडायची वेळ फुटवे जोमात असताना, लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी. भोकं पाडलेला पाईप पुरून आतली पातळी जमिनीखाली १५ सेंमी गेली की पुन्हा पाणी द्या. पहिल्या दिवशी अडकलेला मिथेन एकदम बाहेर पडतो, त्यावरून उपाय फसला असं समजू नका. बाकीचे आकडे वर चढले आणि डोंगराकडचा तसाच राहिला, तर लोह झिरपून येतंय. मग नुसतं पाणी सोडून भागणार नाही, वरच्या मेरेला चर खणून ते पाणी बाहेर वळवावं लागेल. युरिया पाणी सोडण्याआधी टाकू नका, परत भरताना द्या. ओंबी बाहेर पडताना पाणी तोडू नका.

हे सगळं वायंगणासाठी. सरदात पाऊस निचरा होऊच देत नाही, तेव्हा चरच काय तो आधार. खाजन जमिनीत मात्र हा प्रयोग करू नका. तिथल्या गंधकयुक्त थराला हवा लागली की माती आंबट होते आणि लोह कमी होण्याऐवजी वाढतं.