बीटीयूचे वॅट करताना या चुका टाळा: पुण्यातल्या खोलीला हीटर किती वॅटचा लागतो?

पाषाणला सुतारवाडीच्या बाजूला, एका इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर आमच्या ओळखीचे काका-काकू राहतात. काकूंना संधिवात आहे. थंडीत पहाटे बोटं आखडतात, म्हणून लेकीने अमेरिकेहून येताना एक छोटा हीटर आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘5200 BTU’. काकांनी कुठूनतरी ३.४१२ हा आकडा मिळवला, कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला आणि मला फोन लावला: “अहो, हा पावणेअठरा हजार वॅटचा हीटर आहे! आख्ख्या सोसायटीची लाइट जाईल.” त्याच संध्याकाळी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने नेमकं उलटं सांगितलं: “काका, एक टनाचा एसी बारा हजार बीटीयूचा असतो. हा अर्धा टनसुद्धा नाही, खोली काय तापणार?”

एकच खोका, दोन निष्कर्ष आणि दोन्ही चुकीचे. एसीचं लोड काढून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हिवाळ्यात हे फोन ठरलेले असतात. खरी धोक्याची गोष्ट मात्र त्या दोघांपैकी कोणीच वाचली नव्हती. तिच्याकडे शेवटी येतो.

गुणायचं की भागायचं?

बीटीयू हे उष्णतेचं माप आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक बीटीयू, म्हणजे साधारण १०५५ ज्यूल. वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. तासाला एक बीटीयू म्हटलं की १०५५ ज्यूल ३६०० सेकंदांत वाटले जातात आणि हाती येतो ०.२९३ वॅट. म्हणून बीटीयूकडून वॅटकडे येताना आकडा नेहमी लहान व्हायला हवा, एक तृतीयांशापेक्षाही थोडा कमी.

```
W = BTU/h ÷ 3.412
BTU/h = W × 3.412
```

काकांचे ५२०० भागिले ३.४१२ म्हणजे १५२४. खोक्यावर ५२०० छापलं असलं तरी हीटर १५०० वॅटचाच होता. कंपन्या आकडा वरच्या बाजूला गोल करतात. दुकानात उभ्या उभ्या करायचं असेल तर शेवटचं शून्य काढून तीनने गुणा: ५२० त्रिक १५६०. दोन-अडीच टक्के जास्त येतं, पण निर्णय घ्यायला पुरतं.

उत्तर चुकलंय हे ओळखायला विजेचा आधार घ्या. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. काकांच्या पावणेअठरा हजारांना भागलं तर ७७ अँपिअर येतात. भिंतीतल्या मोठ्या सॉकेटवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं. सॉकेटला लावायच्या हीटरचं उत्तर त्याच्या पलीकडे गेलं, तर भागाकाराच्या जागी गुणाकार झाला असं समजा.

खोक्यावर बहुतेक वेळा नुसतं ‘BTU’ असतं, पुढचं ‘/h’ गाळलेलं. हीटर किंवा एसीवर ते तासालाच समजायचं. नाहीतर विजेच्या युनिटशी गल्लत होते. एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू तासभर चालणं, म्हणजे ३४१२ बीटीयू उष्णता, मग ती एका तासात मिळो की चार तासांत.

एसीच्या टनावरून हीटर ठरवणं

इलेक्ट्रिशियनची चूक जास्त मुरलेली आहे, कारण त्याचा भागाकार बरोबरच होता. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे ३५१७ वॅट. पण हा टन एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारसाठी आहे. त्यात तापलेला स्लॅब, खिडकीतून येणारं ऊन, माणसांची उष्णता आणि हवेतला दमटपणा, सगळं बाहेर काढायचं असतं. जानेवारीच्या रात्री यातलं काहीच बाहेर काढायचं नसतं. तेव्हा भिंतींतून आणि फटींतून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढी भरून काढली की झालं. आणि खोलीत झोपलेली माणसं तेव्हा उलट मदतच करतात.

अजून एक घोळ इथेच होतो. गरम-थंड दोन्ही करणारा एक टनाचा इन्व्हर्टर एसी खोलीत सुमारे ३५०० वॅट उष्णता सोडतो, पण मीटरवरून साधारण हजारेक वॅटच घेतो. बाकीची उष्णता तो बाहेरच्या हवेतून ओढून आणतो. त्यामुळे त्याच्या बीटीयूचे वॅट करून वायर निवडू नका. त्यासाठी लेबलवरचं ‘पॉवर इनपुट’ बघा. साध्या हीटरमध्ये मात्र जेवढे वॅट घेतले तेवढेच खोलीत पडतात, मग तो कॉइलचा असो, पंख्याचा असो की तेलाचा. ‘कमी विजेत जास्त उष्णता’ असं हीटरच्या खोक्यावर लिहिलेलं असेल तर हसून पुढे जा.

खोलीला खरंच किती लागतं

काकूंची खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ फूट. दोन भिंती बाहेरच्या आहेत, वर उघडा स्लॅब आणि चार बाय चार फुटांची एक खिडकी. बाहेर पहाटे ९ अंश धरू. शिवाजीनगरचा पारा हिवाळ्यात तिथवर येतोच, आणि टेकडीच्या पायथ्याशी गारठा जास्तच जाणवतो. आत २१ अंश हवेत. म्हणजे फरक १२ अंशांचा.

दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीतून, एका अंशाच्या फरकाला, दर चौरस मीटरमागे ढोबळ २ वॅट बाहेर जातात. खिडकी वगळून बाहेरच्या भिंती १८ चौरस मीटर भरल्या: १८ गुणिले २ गुणिले १२, म्हणजे ४३२ वॅट. एकेरी काचेतून भिंतीच्या तिप्पट उष्णता जाते, पण काच दीडच चौरस मीटर आहे, म्हणून १०८. कोबा केलेल्या स्लॅबला अडीचचा आकडा धरला तर ११ चौरस मीटरमधून ३३०. राहिली फटींतून येणारी थंड हवा. खोलीतली ३२ घनमीटर हवा तासातून एकदा बदलते असं मानलं, तर तिला तापवायला सुमारे १२७ वॅट. बेरीज ९९७, म्हणजे हजारच म्हणा. बीटीयूत ३४००.

यातला स्लॅबचा आकडा लक्षात ठेवा. हीच खोली मधल्या मजल्यावर असती तर ते ३३० वॅट गेलेच नसते आणि सातशेवर भागलं असतं. ‘दर चौरस फुटाला वीस बीटीयू’ हा नियम मजला बघत नाही. तो या खोलीला २४०० बीटीयू, म्हणजे ७०३ वॅट सांगतो. मधल्या मजल्याला ते योगायोगाने जुळतं आणि वरच्या मजल्यावर माणूस कुडकुडतो.

हजार वॅट लागतात म्हणून हजाराचाच हीटर आणणंही चूक. विटांच्या भिंती आणि स्लॅब रात्री गार पडलेले असतात. पहिले एक-दोन तास बरीचशी उष्णता तेच पिऊन टाकतात. शिवाय शेजारची खोलीही तापवलेली नसते. दीड हजाराच्या आसपास हीटर घ्यावा, थर्मोस्टॅटसकट, आणि झोपायच्या तासभर आधी लावावा.

अंशांचा फरक फॅरनहाइटमध्ये नेताना

काकांच्या जावयाने न्यू जर्सीहून वेगळं गणित पाठवलं. तिकडे एक ढोबळ सूत्र वापरतात: खोलीचे घनफूट, गुणिले फॅरनहाइटमधला फरक, गुणिले ०.१३३, म्हणजे तासाचे बीटीयू. त्यांचं उत्तर आलं ८१२७, म्हणजे जवळजवळ २४०० वॅट. माझ्या अडीचपट!

मीही क्षणभर चपापलो. मग सापडलं. १२ अंश सेल्सिअसचं रूपांतर त्यांनी फोनवर केलं होतं आणि फोनने इमानदारीत ५३.६ सांगितलं. पण ते १२ अंश तापमानाचं रूपांतर झालं, १२ अंशांच्या फरकाचं नाही. फरकाला नुसतं १.८ ने गुणायचं, त्यात ३२ मिळवायचे नाहीत. बरोबर आकडा २१.६. मग ११४० घनफूट गुणिले २१.६ गुणिले ०.१३३ म्हणजे ३२७५ बीटीयू, म्हणजेच ९६० वॅट. भिंती मोजून आलेल्या हजाराच्या अगदी शेजारी. परदेशी कॅल्क्युलेटर वापरणाऱ्या दहांपैकी निम्मे इथेच घसरतात असा माझा अंदाज आहे.

गॅस हीटरवरचा आकडा

थोडक्यात सांगतो. गॅसवरच्या हीटरचे बीटीयू बहुधा जळणाऱ्या इंधनाचे असतात. धुराडं असेल तर त्यातला काही भाग बाहेर जातो, म्हणून त्याचा ‘आउटपुट’ आकडा वेगळा शोधावा लागतो. धुराडं नसेल तर सगळी उष्णता खोलीत राहते, पण जळालेल्या गॅसची हवाही खोलीतच राहते. बंद बेडरूममध्ये तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपेत जीव घेऊ शकतो. तिथे वॅट मोजायची गरजच नाही.

आणि ती न वाचलेली ओळ

काकांच्या हीटरच्या मागे बारीक अक्षरांत ‘120 V’ लिहिलं होतं. बीटीयूचे वॅट कितीही बरोबर काढा, ते वॅट त्या व्होल्टेजपुरतेच असतात. १२० व्होल्टवर १५०० वॅट देणारी कॉइल आपल्या २३० व्होल्टवर लावली, तर व्होल्टेज दुपटीच्या जरा खाली असल्याने वॅट पावणेचारपटीच्या जवळ जातात: साडेपाच हजार, म्हणजे २४ अँपिअर. कॉइल काही क्षणांत जाते, आणि पडदा जवळ असेल तर प्रकरण कॉइलवर थांबत नाही. पिन बदलणारा अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो. तपकीर गल्लीत स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळेल, पण दीड हजार वॅटसाठी दोन हजाराचा घ्यावा लागेल, आणि ते धूड दोन्ही हातांनी उचलावं लागतं. त्यापेक्षा इथला हीटर घ्या, असं मी सांगितलं.

त्यांनी २००० वॅटपर्यंत टप्पे असलेला तेलाचा हीटर घेतला. तोही त्यांनी आधी पलंगाजवळच्या सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला. २००० भागिले २३० म्हणजे पावणेनऊ अँपिअर. बोर्ड हाताला गरम लागला म्हणून काकूंनीच बंद केला. मग १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट ओढून घेतला, अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने.

पहिल्या रात्री मी काकांना मीटरचं रीडिंग लिहून ठेवायला सांगितलं, नऊ वाजता आणि सकाळी सहाला. फ्रिजचा अंदाज वजा करून आठ युनिट आले. आठ हजार भागिले नऊ तास म्हणजे सरासरी ८९० वॅट. कागदावर हजार होते. बाहेर त्या रात्री ९ नाही, ११ अंश होते. हीटर रात्रभर न थांबता पूर्ण टप्प्यावर चालला असता आणि तरी खोली गारच राहिली असती, तर मी हीटर बदलायला सांगितलं नसतं. आधी दाराखालची फट बघितली असती. थर्मोस्टॅट मात्र टकटक करत बंद-चालू होत होता. काकूंची तक्रार आता त्या आवाजाची आहे.