दुधाला कांद्याचा किंवा मुरघासाचा वास येऊ नये म्हणून वैरणीची वेळ कशी ठरवावी

निफाड, येवला, सिन्नर या पट्ट्यात कांद्याचे भाव पडले की चाळीतून निवडून काढलेला कांदा आणि शेतातली पात गव्हाणीत जाते, आणि लवकरच दूध केंद्रावर कॅनचे झाकण उघडताच उग्र वास येऊ लागतो. असे दूध भेसळीचे नसते आणि बहुतेक वेळा गायही आजारी नसते. वैरण आणि धार यांच्यात पुरेसे अंतर राहिलेले नसते, एवढेच.

वास दुधात दोन वाटांनी उतरतो. गाय कांदा खाते किंवा नुसता हुंगते तेव्हा त्यातील उडून जाणारी गंधकयुक्त द्रव्ये श्वासावाटे फुप्फुसात, तिथून रक्तात आणि रक्तातून कासेत पोहोचतात. याला अर्धा तासही पुरतो. दुसरी वाट पोटाची आहे आणि ती जास्त वेळ चालू राहते, कारण पचनात तयार झालेला वायू गाय ढेकरेवाटे बाहेर टाकते आणि त्यातला काही भाग पुन्हा श्वासाबरोबर आत घेते. धारेच्या वेळी गोठ्यात मुरघासाची उघडी बॅग ठेवली, तर तो न खाल्लेल्या गाईच्या दुधालाही वास लागू शकतो, तो पहिल्या वाटेमुळे.

उपाय करण्यापूर्वी वास वैरणीचाच आहे याची खात्री करून घ्यावी. प्रत्येक गाईचे थोडे ताजे दूध स्वच्छ, बिनवासाच्या काचेच्या बाटलीत वेगवेगळे घ्यावे, बाटली कोमट पाण्यात धरून दूध हाताला गरम लागेपर्यंत तापवावे आणि झाकण उघडताक्षणी वास घ्यावा. वैरणीचा वास धार काढल्याबरोबर जाणवतो आणि ती वैरण खाल्लेल्या सगळ्याच जनावरांच्या दुधात कमी-अधिक आढळतो. ताजे असताना चांगले असलेले दूध काही तासांनी आंबूस किंवा खवट लागू लागले, तर दोष भांड्यांच्या स्वच्छतेत किंवा दूध थंड करण्यात शोधावा. एकाच गाईच्या दुधाला आणि श्वासालाही गोडसर, फळासारखा वास येत असेल, तर किटोसिस या आजाराची शंका घेऊन पशुवैद्यकाला दाखवावे.

आता वेळापत्रक पाहू. समजा, धारा पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचला निघतात. कांदा किंवा पात फक्त सकाळची धार संपल्यावर, शक्यतो गोठ्याबाहेरच्या गव्हाणीत घालावी. सात-साडेसातपर्यंत जनावरांचे खाऊन झाले की उरलेली चघळ उचलून गव्हाण धुऊन काढावी, म्हणजे संध्याकाळच्या धारेपर्यंत दहा तास मिळतात. हिरवा लसूणघास आणि मुरघास यांचा वास कांद्याइतका चिवट नसतो. तरीही धारेपूर्वी चार-पाच तास ते बंद ठेवावेत, म्हणजे दुपारी बारानंतर देऊ नयेत. संध्याकाळचा वाटा धार आटोपल्यावर द्यावा. मधल्या वेळेत कडब्याची कुट्टी चालते. मुरघास हाताळलेले हात आणि कपडे तसेच ठेवून धारेला बसू नये, आणि धारेच्या वेळी गोठ्यात वारा खेळता असावा.

मुरघासाच्या बाबतीत त्याची प्रतही पाहावी लागते. चांगल्या मुरघासाला सौम्य आंबट वास असतो. सडक्या लोण्यासारखा वास येणारा किंवा बुरशी धरलेला मुरघास वेळ पाळूनही घालू नये.

कांद्याच्या प्रमाणाबाबत मला जास्त काळजी वाटते, कारण तिथे प्रश्न दुधाच्या चवीपलीकडे जातो. जनावरांमध्ये गाय कांद्याच्या विषबाधेला विशेष बळी पडते: त्यातील द्रव्यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. पाण्याचा अंश वगळून मोजल्यास कांदा एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ नये, अशी मर्यादा सांगितली जाते, पण तिच्या जवळपासही जाण्याचे कारण नाही. पाणी वगळता दिवसाला सुमारे 12 किलो चारा खाणाऱ्या गाईला 10 किलो कांदा दिला, तर त्यात पाणीच जास्त असल्याने शुष्क भाग जेमतेम सव्वा किलो, म्हणजे साधारण दहावा हिस्सा होतो. सुरुवात दोन-तीन किलोंनी करून इथवरच थांबावे. गाभण गाईला मात्र कांदा न घातलेला बरा, आणि सडका कांदा कोणालाच घालू नये. लघवी लालसर किंवा कॉफीच्या रंगाची झाली, हिरड्या फिकट पडल्या, गाय सुस्तावली, तर कांदा त्याच क्षणी बंद करून पशुवैद्यकाला बोलवावे.

वेळापत्रक बदलल्यावर तीच बाटलीची चाचणी पुन्हा करावी. दहा तासांचे अंतर राखूनही वास उरत असेल, तर कांदा निम्म्यावर आणावा, आणि तरीही जात नसेल तर दुभत्या गाईंचा कांदा पूर्ण थांबवून तो गाभण नसलेल्या भाकड जनावरांना मर्यादेत द्यावा. वास लागलेले दूध मात्र वेगळ्या भांड्यात ठेवावे. उकळल्याने त्याचा वास थोडा उतरतो, पूर्ण जात नाही, कारण ही द्रव्ये स्निग्धांशात मुरतात. म्हणून अशा दुधाचे लोणी आणि तूपही वासाचे निघू शकते, आणि एका गाईचे असे दूध कॅनमध्ये ओतले तर बाकीच्या चांगल्या दुधालाही तो वास लागतो.