चहातून कॅफिन काढताना या चुका टाळा

चहाचा अर्क काढायचा, डायक्लोरोमिथेनमध्ये कॅफिन ओढून घ्यायचं, द्रावक उडवायचा आणि द्रवणांक पाहायचा. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये हा प्रयोग कागदावर चार ओळींत संपतो. पुस्तकातला द्रवणांक २३५ ते २३८ अंश सेल्सिअस असतो आणि हातात मात्र २२४ ते २३१ असा पसरट आकडा येतो, किंवा कॅपिलरीत काही वितळताना दिसतच नाही. मग 'अशुद्ध आलं' असं लिहून जर्नल पूर्ण केलं जातं. खरं तर तो आकडा नीट वाचला तर आधीच्या कुठल्या पायरीवर गडबड झाली ते बहुतेक वेळा कळतं. म्हणून खाली पायऱ्या क्रमाने घेतल्या आहेत, पण जिथे जास्त बिघडतं तिथेच जास्त थांबलो आहे.

अर्क: सोडा कोणता, किती

१० ग्रॅम चहा पावडर, १०० मिलि पाणी आणि ४ ते ५ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट, हे मिश्रण १५ ते २० मिनिटं मंद उकळत ठेवायचं. कॅफिन उकळत्या पाण्यात भरपूर विरघळतं, त्यामुळे ते बाहेर यायला अडचण नसते. अडचण असते ती त्याच्याबरोबर येणाऱ्या टॅनिनची. टॅनिन फिनॉल गटांची असतात आणि तशीच राहिली तर थोडीफार डायक्लोरोमिथेनमध्येही जातात. कार्बोनेट त्यांचे सोडियम क्षार बनवतं. हे क्षार पाण्यातच राहतात आणि कॅफिन मोकळं होतं.

इथे तीन प्रकारची चूक होते. पहिली, खाण्याचा सोडा वापरणं. तो सौम्य आहे, शिवाय उकळताना फेस येऊन अर्क उतू जातो. दुसरी, स्फटिकी धुण्याचा सोडा तेवढ्याच वजनाचा घेणं. त्यात दर रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात, म्हणून तो निर्जल कार्बोनेटच्या सुमारे २.७ पट घ्यावा लागतो. तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते: 'अल्कलीच हवी ना' म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड घालून उकळणं. तीव्र गरम अल्कलीत कॅफिनचं वलयच फुटतं आणि जे शोधायचं तेच नाहीसं होतं. जुन्या पद्धतीत टॅनिन काढायला लेड अॅसिटेट वापरत. कार्बोनेटने काम होत असताना शिसं हाताळायचं काहीच कारण नाही.

आपल्याकडची सीटीसी पावडर बारीक असते आणि गाळणकागद लगेच तुंबवते. आधी मलमलच्या कापडातून गरम असतानाच गाळून घ्यावं, चोथा हलकेच दाबावा, आणि मग कापसाच्या बोळ्यातून पुन्हा गाळावं. चोथा जोरात पिळला तर बारीक कण अर्कात उतरतात आणि पुढच्या पायरीत तेच त्रास देतात.

गरम अर्कात डायक्लोरोमिथेन नको

डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं. कोमट अर्कावर ते ओतून सेपरेटिंग फनेलचं बूच लावलं तर आत वाफेचा दाब चढतो आणि बूच उडतं. अर्क बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांखाली आणावा. थंड केल्यावर कॅफिन खाली बसेल ही भीती इथे लागू नाही. साध्या तापमानाच्या १०० मिलि पाण्यात ते सुमारे २ ग्रॅम विरघळतं, आणि आपल्या अर्कात ते जेमतेम ०.३ ग्रॅम आहे.

थंड केल्यानंतरही प्रत्येक हलवणीनंतर फनेल उलटं धरून, नळी माणसांपासून दूर ठेवून तोटी उघडायची. हे सगळं फ्यूम हूडमध्येच. डायक्लोरोमिथेनची वाफ श्वासातून आत गेली की शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. साधे नायट्राइल हातमोजे ते काही मिनिटांत भेदतं, म्हणून मोज्यावर थेंब पडला की मोजा लगेच काढून टाकावा.

इमल्शन: इथेच अर्धी बॅच जाते

सेपरेटिंग फनेल जोरजोरात हलवण्याची सवय इतर प्रयोगांतून लागलेली असते. इथे ती नडते. टॅनिनचे सोडियम क्षार साबणासारखे वागतात आणि डायक्लोरोमिथेनचे बारीक थेंब पाण्यात अडकवून ठेवतात. मग दोन थरांच्या मध्ये तपकिरी, फेसाळ पट्टा दिसतो आणि अर्धा तास थांबलं तरी तो हलत नाही.

फनेल आडवं धरून दोन-तीन मिनिटं हळूहळू उलटसुलट करत राहावं. कॅफिन पाण्यातून द्रावकात जायला एवढं पुरतं. तरी पट्टा झालाच तर पुन्हा हलवणं हा उपाय नव्हे. ३ ते ५ ग्रॅम मीठ टाकावं, काचेच्या दांडीने मधला पट्टा हळू ढवळावा आणि दहा-पंधरा मिनिटं फनेल स्टँडवर सोडावं. मिठाने पाण्याची घनता वाढते, पण संपृक्त मीठपाण्याचीही घनता सुमारे १.२ असते आणि डायक्लोरोमिथेनची १.३३. त्यामुळे द्रावक खालीच राहतो. उरलेला पट्टा खालच्या थराबरोबर काढून, शंकूत कापूस आणि त्यावर निर्जल सोडियम सल्फेट घालून त्यातून गाळला की बहुतेक वेळा मोडतो.

काळ्या चहात कुठला थर कुठला याची शंका येते. एक थेंब पाण्यात टाकून पाहावा. खाली जाऊन वेगळा बसला तर तो द्रावक. शेवटी पांढरी पूड हातात येईपर्यंत कुठलाच थर फेकू नये.

द्रावक एकदम ओतावा की भागांत? हिशेब करून पाहू. चहात ३ टक्के कॅफिन धरलं तर १० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅम. १०० मिलि पाण्यातलं ३० मिलि चोथ्यात अडकलं तर अर्कात साधारण २१० मिलिग्रॅम उरतं. कॅफिनची डायक्लोरोमिथेनमधली विद्राव्यता पाण्यातल्यापेक्षा सुमारे सहापट धरू. ६० मिलि द्रावक एकाच वेळी वापरला तर पाण्यात उरणारा भाग ७० ÷ (७० + ६ × ६०), म्हणजे १६ टक्के. तेच ६० मिलि २०-२० करून तीनदा वापरलं तर प्रत्येक वेळी ७० ÷ १९० एवढा भाग मागे राहतो आणि तीन वेळांनंतर ५ टक्केच उरतात. द्रावक तेवढाच, पण कॅफिन सुमारे २३ मिलिग्रॅम जास्त. या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते: सर्वांत मोठं नुकसान चोथ्यात आहे. तो २० मिलि गरम पाण्याने धुऊन ते धुवण अर्कात मिसळणं सोपं आहे आणि फायद्याचंही.

सुकवणं आणि द्रावक उडवणं

एकत्र केलेल्या द्रावकात निर्जल सोडियम सल्फेट घालून फिरवावं. सल्फेटचे गोळे होत असतील तर पाणी अजून आहे. थोडं अजून घालावं, कण सुटे फिरू लागले की थांबावं. मग गाळावं आणि सल्फेट ५ मिलि ताज्या डायक्लोरोमिथेनने धुवून घ्यावं. घाईत वरचा द्राव तसाच ओतला तर सल्फेटची बारीक पूड फ्लास्कमध्ये जाते, वजन छान वाढतं आणि उत्पन्न खोटं निघतं.

द्रावक हूडमध्ये ५० अंशांच्या वॉटर बाथवर उडवावा. जवळ बर्नर पेटता नसावा, कारण ज्वाळेत डायक्लोरोमिथेनचं विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जिनसारखे वायू निघतात. फ्लास्कचं वजन बॉइलिंग चिपसकट आधीच घेऊन ठेवावं. तळाशी फिकट हिरवट थर राहतो. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा.

स्फटिकीकरण की संप्लवन

दीड-दोनशे मिलिग्रॅमसाठी माझा कौल संप्लवनाला आहे. एवढ्या कमी मालाला एक मिलिच्या आसपास अल्कोहोल लागतं आणि गाळताना निम्मा माल कागदावरच राहतो. कॅफिन साधारण १८० अंशांच्या आसपास वितळण्याआधीच वाफ होतं आणि बर्फाने थंड केलेल्या काचेवर पांढऱ्या सुयांसारखं जमतं. घाईने तापवलं तर हिरवट-तपकिरी डांबर उडून सुयांना लागतं. तापमान हळू चढवावं, आणि खालचा अवशेष तपकिरी झाला की थांबावं.

द्रवणांक: उघडी कॅपिलरी वापरू नये

जे संप्लवन शुद्धीकरणात कामी येतं तेच इथे घोटाळा करतं. एक टोक उघडं असलेल्या कॅपिलरीत २०० अंशांच्या पुढे कॅफिन वर चढून थंड भागात चिकटतं. तळाशी काही उरतच नाही आणि 'वितळलं नाही' अशी नोंद होते. २ ते ३ मिमी पूड घट्ट बसवून दुसरं टोकही ज्वाळेत बंद करावं, आणि तेही द्रावक खोलीतून हलवल्यावर. कॅपिलरी शक्यतो पूर्ण लांबीने गरम भागात राहील अशी ठेवावी. थील नळीत लिक्विड पॅराफिन असेल तर या तापमानाला ते धुरकटतं. सिलिकॉन तेल किंवा विजेचं उपकरण बरं. २१५ अंशांपर्यंत वेगाने जावं, पुढे मिनिटाला १ ते २ अंश.

आता आकडा वाचायचा. २२४ ते २३१ असा पसरट आला तर माल ओला किंवा मिश्र आहे: तो ११० अंशांना वाळवावा, कारण कॅफिन पाण्याबरोबर हायड्रेट बनवतं, आणि पुन्हा संप्लवन करावं. सगळं वितळूनही पांढरे कण तरंगत राहिले तर ते सोडियम सल्फेट. ते इथे वितळत नाही.

तिसरा प्रकार फसवा आहे. समजा संप्लवनानंतर ९५ मिलिग्रॅम पांढऱ्या सुया मिळाल्या आणि त्या २३१ ते २३२ ला झटकन वितळल्या. पट्टा अरुंद आहे, म्हणजे माल शुद्ध असावा, पण आकडा ४-५ अंश खाली आहे. अशा वेळी थर्मामीटरवर संशय घ्यावा. पाऱ्याचा दांडा तेलाबाहेर थंड राहिला की वाचन कमी येतं. दुरुस्ती ०.०००१६ × बाहेरचे अंश × (वाचन − दांड्याचं तापमान) एवढी असते. बाहेर १५० अंश आणि दांड्याजवळ ४० अंश धरले तर ०.०००१६ × १५० × १९२, म्हणजे साधारण ४.६. वाचन २३२ असेल तर खरं सुमारे २३६.६.

ही दुरुस्ती कागदावरच ठेवू नये. बाटलीतलं शुद्ध कॅफिन दुसऱ्या कॅपिलरीत आणि दोन्हींचं अर्धं-अर्धं मिश्रण तिसरीत भरून एकाच वेळी तापवावं. तिन्ही एकाच वाचनावर वितळली तर ओळख पटली. मिश्रण आधी आणि पसरट वितळलं तर आपला पांढरा पदार्थ कॅफिन नाही, किंवा शुद्ध नाही, मग एकट्याचा आकडा कितीही सुरेख असो. चहातल्या 'थेइन'चं आणि कॉफीतल्या कॅफिनचं एकच असणं १८३८ मध्ये सिद्ध झालं. आजही चहाच्या सुयांची तुलना कुठल्याही शुद्ध कॅफिनशी चालते ती त्यामुळेच.

प्रयोगशाळेत २५० अंशांपर्यंत जाणारं साधन नसेल तर सॅलिसिलेट बनवावं. ५० मिलिग्रॅम कॅफिन आणि ३७ मिलिग्रॅम सॅलिसिलिक आम्ल थोड्या गरम टोल्युइनमध्ये विरघळवून, पेट्रोलियम ईथरचे थेंब गढूळ होईपर्यंत घालून थंड करावं. टोल्युइन आणि पेट्रोलियम ईथर दोन्ही ज्वलनशील, म्हणून इथेही तापवायला वॉटर बाथच. येणारे स्फटिक सुमारे १३७ अंशांना वितळतात, आणि त्या तापमानाला लिक्विड पॅराफिनची साधी थील नळीही पुरते.