प्रोजेक्टचा रेट ठरवूनही तासाला निम्मेच पैसे सुटत होते, तो प्रश्न असा सुटला

फ्रीलान्स डिझाइनच्या कामात लक्षण असं की फिक्स रेट सांगायचा, काम वाढत जायचं आणि शेवटी तासाचा हिशोब केला की ठरवलेल्याच्या निम्मेच हातात. तासावर बिल लावून पाहिलं तर हात जितका भरभर चालेल तितकं बिल कमी, वर क्लायंट प्रत्येक तासाचा जाब विचारणार. फार वैताग आला होता.

शेवटी चाललं ते असं. आधी तासाचा रेट काढला, पण तो स्वतःपुरता: वर्षाचा खर्च, टॅक्स आणि बचत भागिले बिल लावता येतील तेवढेच तास. मग कामाचे तुकडे पाडले. आठ पानी ब्रोशर घ्या, डिझाइन 14 तास, कॉल-मेल 4, करेक्शनच्या दोन फेऱ्या 6, म्हणजे 24, त्यावर पाव भाग जादा धरून 30. याला रेटने गुणून एकच आकडा सांगायचा, तास दाखवायचे नाहीत. कोटेशनमध्ये लिहायचं: आठ पानं, दोन फेऱ्या, तिसरीपासून तासाप्रमाणे वेगळे पैसे. कमी करा म्हणाले तर रेटला हात लावायचा नाही, पानं किंवा फेरी कमी करायची. ब्रीफच धूसर असेल तर मात्र तासावरच घ्या.